चौकटबाई

आमच्या स्टेशनच्या आरक्षण कार्यालयात दोन खिडक्या आहेत. एक नंबरच्या खिडकीसमोरची रांग भराभर पुढे सरकते आणि दोन नंबरची गोगलगायीसारखी. नवखा माणूस एकच्या रांगेत उभा राहतो, आणि बरीच वर्षं मीही तेच केलं. दोन नंबरच्या खिडकीत चौकटबाई बसायच्या, आणि त्यांच्याशी गाठ पडली की तिकीट मिळण्याआधी माणसाची उलटतपासणी व्हायची, असं सगळं गाव म्हणायचं.

माझं शिवणकामाचं दुकान या कार्यालयाच्या अगदी समोर आहे. मशीन दाराशी आहे, त्यामुळे दिवसभर समोरच्या काचेतून आतली वर्दळ दिसते. चौकटबाई सकाळी आठला यायच्या, पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवायच्या, काचेवर आदल्या दिवशीच्या बोटांचे जे ठसे असतील ते रुमालानं पुसायच्या आणि दोऱ्याला बांधलेली दोन पेनं काउंटरवर ठेवायच्या. दोरा लांब ठेवलेला असे, कारण डावखुऱ्या माणसालाही लिहिता आलं पाहिजे असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या नोकरीच्या काळ्या कोटाचं कोपर दर वर्षी विरायचं, काउंटरवर टेकून टेकून. ते कोपर दर वर्षी मीच रफू करायची. म्हणजे आमची ओळख होती, पण कोपरापुरती.

त्यांचं खरं नाव कोटाच्या खिशावरच्या पट्टीवर होतं, पण ते कुणी वाचत नसे. चौकटबाई हे नाव पडलं ते आरक्षणाच्या फॉर्मवरच्या एका चौकटीमुळे. त्या फॉर्मवर वरच्या बाजूला बारीक अक्षरात एक प्रश्न छापलेला असतो: वरच्या वर्गात जागा रिकामी राहिली, तर जादा पैसे न घेता तुम्हाला तिकडे हलवलं तर चालेल का? पुढे एक छोटी चौकट. तिथं होय किंवा नाही लिहायचं. शंभरातली नव्वद माणसं ही चौकट कोरी सोडतात. नाव लिहितात, वय लिहितात, गाडीचा नंबर लिहितात आणि चौकटीकडे ढुंकूनही बघत नाहीत. एक नंबरच्या खिडकीतला साहेब तसाच फॉर्म आत घ्यायचा. चौकटबाई मात्र फॉर्म परत सरकवायच्या. "चौकट भरा." एवढंच.

मग त्यांचे प्रश्न सुरू व्हायचे. कोण जाणार? एकटे की घरचे बरोबर? सगळे एकाच तिकिटावर आहेत का? समोर कुणी घ्यायला येणार आहे का? मागे रांगेत चुळबुळ, खोकणं, मोठ्यानं उसासे. "बाई, तिकीट द्या, स्थळ बघताय का?" असं एकदा कुणीतरी ओरडलं, तर रांगेबरोबर त्यासुद्धा हसल्या आणि पुन्हा विचारलं, "पण समोर घ्यायला येणार आहे का कुणी?"

त्या काही फुकटच्या जागेच्या विरोधात नव्हत्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. एक गवंडी दर दोन महिन्यांनी गावी जायचा. पाठ दुखतेय म्हणून वाकलेला. त्याला त्या स्वतः सांगायच्या, "होय लिहा. एकटे आहात, एकच पिशवी आहे. नशीब उघडलं तर एसीत पाठ टेकवा." एकदा खरंच त्याला एसीतली जागा मिळाली. परत आल्यावर तो खिडकीशी येऊन अर्धा तास ती पांढरी चादर आणि उशी यांचं वर्णन करत उभा होता, आणि रांग पुन्हा खोळंबली. त्या दिवशी मी दुकानातूनच कपाळाला हात लावला.

आता माझ्या बाबांबद्दल सांगते, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट कोपरापुरतीच राहिली असती.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. पन्नास वर्षं डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या. मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत गेला आणि बाबा ऑपरेशन लांबणीवर टाकत गेले. भीती वाटते हे कबूल करायचं नाही, म्हणून रोज नवी सबब. उन्हाळा संपू दे, थंडी संपू दे, गिऱ्हाइकांची राहिलेली घड्याळं संपू दे. शेवटी माणूस समोर उभा राहिला तर उजेडातला काळा ठिपका दिसावा इतपत नजर उरली. दादा, माझा मोठा भाऊ, ज्या शहरात राहतो तिथं चांगलं डोळ्यांचं हॉस्पिटल आहे. एका रात्रीचा प्रवास. दादा फोनवर रडकुंडीला आला, मी चिडले, ओरडले, अबोला धरला. एक दिवस बाबा म्हणाले, "जातो. पण एकटा जाईन."

"एकटे? बाबा, तुम्हाला चहाचा कप सापडत नाही!"

"हाताला धरून नेणार असशील तर मी घरीच बरा आहे. डोळे उघडले नाहीत तर पुढे आयुष्यभर कुणीतरी हाताला धरणारच आहे. हा एक प्रवास मला माझा करू दे."

माझा स्वभाव तापट आहे, पण मी दगड नाही.

म्हणून मी तिकीट काढायला गेले. त्या दिवशी एक नंबरची रांग रस्त्यापर्यंत होती, म्हणून निमूटपणे दोनसमोर उभी राहिले. फॉर्म भरला. स्लीपर, खालचा बर्थ, शक्यतो दाराजवळ. चौकट कोरी. ती कोरी ठेवण्यामागे माझा एक हिशेब होता. मला वाटायचं, काही लिहिलंच नाही म्हणजे नाही. ज्याला हवं असेल तो होय लिहील, बाकीच्यांना कोण कशाला हलवेल?

चौकटबाईंनी फॉर्म वाचला आणि परत सरकवला. "चौकट भरा."

"राहू दे ना ती."

"कोण जाणार आहे?"

"वडील."

"एकटे? आणि खालचा बर्थ, दाराजवळचा. डोळ्यांना कमी दिसतं का त्यांना?"

घरातली गोष्ट भर रांगेत, मागच्या दहा माणसांसमोर काढली याचा मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. त्यात सकाळपासून एका गिऱ्हाइकानं माझं डोकं खाल्लं होतं. वड्याचं तेल वांग्यावर निघालं. मी म्हटलं, "तुम्ही तिकीट देता की चौकशी आयोग चालवता?" फॉर्म ओढून घेतला आणि तरातरा एक नंबरच्या रांगेत जाऊन उभी राहिले. काचेमागून त्या काहीतरी म्हणत होत्या, ते मी ऐकलं नाही. ऐकायचं नव्हतंच. एक नंबरच्या साहेबानं फॉर्म घेतला, चौकटीकडे पाहिलंसुद्धा नाही आणि तिकीट दिलं. डबा चार, बर्थ पंचवीस, खालचा. मी दोन नंबरकडे एक विजयी कटाक्ष टाकून बाहेर पडले. आज आठवलं की त्या कटाक्षाची मला लाज वाटते.

फोन नंबरच्या रकान्यात मी बाबांचा नंबर लिहिला होता. प्रवासी ते, तर नंबर त्यांचा, असा सरळ विचार. बाबांचा फोन बटणांचा. पाचाच्या बटणावर एक टिंब असतं, त्यावरून चाचपत ते नंबर लावायचे. त्या फोनवर आलेला एकही संदेश त्यांनी वर्षभरात वाचला नव्हता. वाचणार कसा?

तिकीट हातात आल्यावर बाबांनी तयारी सुरू केली. पंधरा दिवस होते. आमच्या गाडीचा प्रवास इथूनच सुरू होतो, त्यामुळे सुटण्याआधी चांगला तासभर ती फलाटावर उभी असते. दोनदा मी त्यांना तिथं घेऊन गेले. प्लॅटफॉर्म तिकीट काढून आम्ही रिकाम्या चार नंबरच्या डब्यात चढायचो आणि बाबा मोजायचे. दारातून आत, संडासाच्या दारावर हात, मग आडव्या बाकांचे कप्पे. एक, दोन, तीन. चौथ्यात वळायचं, अलीकडचा बाक, खालचा. हात फिरवून पट्टीवरचा आकडा चाचपायचे. दुसऱ्या खेपेला त्यांनी मला दाराशीच उभं केलं आणि एकटे गेले. आतून हाक आली, "बसलो गं!" त्यांच्या आवाजात इतका तोरा होता की मला हसू फुटलं. घरीसुद्धा खुर्च्या मांडून त्यांची मोजणी चालायची. शेजारीण म्हणाली, "संगीत खुर्ची खेळता की काय या वयात?"

दादाला सगळं ठरवून दिलं होतं. त्याच्या स्टेशनवर ही गाडी पहाटे दोनच मिनिटं थांबते आणि पुढे निघून जाते. दादानं चार नंबरच्या डब्यापुढे उभं राहायचं, चौथ्या कप्प्याच्या खिडकीवर टकटक करायची, आत चढायचं आणि बाबांना उतरवून घ्यायचं. दोन मिनिटांत एवढं सहज होतं. मात्र डबा कोणता हे माहीत हवं. बाबांच्या पिशवीत हॉस्पिटलची तारीख होती. ती तारीख चुकली तर पुढची चार महिन्यांनी. आणि तोवर बाबांनी धीर करून दिलेला होकार टिकला असता, असं मला मुळीच वाटत नव्हतं.

जायच्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला मी मशीनवर एका कोटाचं अस्तर शिवत होते. दारात सावली पडली. चौकटबाई! वीस वर्षांत त्या कोपर विरल्याशिवाय माझ्या दुकानात आल्या नव्हत्या. हातात अर्धा खाल्लेला डबा, झाकण नीट लागलेलं नाही.

"तुमच्या वडिलांच्या फोनवर संदेश आलाय का हो?" त्यांनी धापा टाकतच विचारलं.

"कसला संदेश?"

"चार्ट लागला. त्यांना हलवलंय. एसीत, वरचा बर्थ. पंचवीस नंबर दुसऱ्या कुणाला गेला."

मला आधी काही कळेचना. मी म्हटलं, "पण मी कुठं होय लिहिलं होतं?"

"नाही असंही लिहिलं नव्हतं. पूर्ण भाड्याचं तिकीट असेल आणि चौकट कोरी असेल, तर ते होयच धरतात. फॉर्मवर खाली छापलंय. कोण वाचतं म्हणा!" त्या स्टुलावर टेकल्या. "हे मी त्या दिवशी काचेतून ओरडून सांगत होते. तुम्ही गेलात. मग मी शेजारच्या साहेबांना विचारलं, चौकटीत काय आहे? ते म्हणाले कोरी. तिकिटाचा नंबर मी माझ्या वहीत लिहून ठेवला. म्हटलं, जायच्या दिवशी चार्ट लागला की बघू. एसी भरला असता तर प्रश्नच नव्हता. पण आज जागा रिकाम्या होत्या."

बाबा संध्याकाळी चार नंबरच्या डब्यात, पंचवीसवर जाऊन बसले असते. मी त्यांना निरोप देऊन परत आले असते, त्यांना तसंच वचन दिलं होतं. मग त्या बर्थचा मालक आला असता, मग टीसी. आंधळ्यागत माणसाला हातात पिशवी घेऊन अख्खी गाडी ओलांडायला लावली असती. आणि पहाटे दादा चार नंबरच्या खिडकीवर टकटक करत उभा, आणि बाबा भलत्याच डब्यात वरच्या बर्थवर, आणि दोन मिनिटं संपून गाडी पुढे. हे सगळं मी फुकटच्या रागापायी घडवून आणलं होतं.

"रद्द करू का?" मी विचारलं. डोळ्यांत पाणी आलंच.

"रद्द कशाला? जागा पक्की आहे, तिकीट तेच, नंबर तोच. एक पैसा जास्त नाही. फक्त आता परत पंचवीस मिळणार नाही, आणि खालचा बर्थ मागितला होता हे हलवताना कुणी बघत नाही. वडील कुठंयत? माझी पाळी दोनला संपते. मी आले."

त्या खरंच आल्या. दोन वाजून पाच मिनिटांनी, खांद्याला पर्स. त्यांनी घरी फोन करून आपल्या नवऱ्याला, आज भाजी तुम्हीच चिरा, एवढंच सांगितलं. गाडी फलाटावर लागायच्या सुमाराला आम्ही तिघं स्टेशनवर गेलो. वाटेत मी बाबांना खरं काय ते सांगितलं. चूक माझी, हेही सांगितलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, झालं, चला परत. बाबा थोडा वेळ काठी आपटत चालले. मग म्हणाले, "पंधरा दिवसांची मोजणी पाण्यात गेली तर." आणि आणखी दहा पावलांवर, "एसीतले कप्पे किती असतात?"

"नऊ, काका," चौकटबाई म्हणाल्या. "आणि तुमचा सहावा. पण ऐका माझं. एक नंबरच्या बर्थकडच्या दारानं चढूच नका. दुसऱ्या टोकाच्या दारानं चढा. तिकडून मोजलं तर तुमचा कप्पा चौथाच येतो."

बाबा जागच्या जागी थांबले. "चौथा?"

"चौथा. फक्त डाव्या हाताचं उजव्या हाताला होईल."

"म्हणजे काटे उलटे फिरवायचे," बाबा म्हणाले, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा हसले. मी मनात म्हटलं, मी पंधरा दिवस या माणसाबरोबर खुर्च्या मोजल्या, आणि हिला दोन मिनिटांत कळलं याला काय हवंय.

गाडी लागली होती. एसीच्या डब्याला आत जड दार असतं, ढकलावं लागतं, हे बाबांना नवीन होतं. चौकटबाईंनी त्यांचा हात धरला नाही. त्या त्यांच्यामागे दोन पावलं अंतर ठेवून चालत राहिल्या आणि नुसतं बोलत राहिल्या. "दार. ढकला, जोर लावा. आता पडदा लागेल गालाला, तो बाजूला सारा. एक." बाबांनी बाकाच्या कडेवर बोटं टेकवली. "दोन," ते स्वतःच म्हणाले. तीन. चार. वळले. तीनदा केलं. चौथ्यांदा चौकटबाई फलाटावर उतरून उभ्या राहिल्या, मलाही उतरवलं, आणि आतून हाक आली, "बसलो गं!"

बसले होते ते दुसऱ्याच माणसाच्या जागेवर, ही गोष्ट वेगळी. त्यांचा बर्थ वरचा होता. समोर कापडाचे नमुने घेऊन फिरणारा एक विक्रेता आपली मोठी बॅग सरकवत आला, तो खालच्या बर्थचा मालक. चौकटबाईंनी त्याला गाठलं. गयावया नाही, भाषण नाही. "या काकांना डोळ्यांच्या ऑपरेशनला जायचंय. वर चढता यायचं नाही. तुम्ही वर जाल का?"

"मला तर वरच आवडतं," तो म्हणाला. "खाली असलं की सगळे माझ्या पायावर बसतात." बाबांनी त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. चौकटबाईंनी टीसीला शोधून अदलाबदल सांगितली. मी दादाला फोन करून नवा डबा, कोणतं दार, कितवा कप्पा हे दोनदा वदवून घेतलं. एसीची खिडकी बंद काचेची, टकटक ऐकू येईल न येईल, म्हणून चौकटबाईंनी फोन माझ्याकडून घेतला आणि दादाला म्हणाल्या, "खिडकीशी वेळ घालवू नका. दार उघडलं की सरळ आत."

गाडी सुटायला अजून वेळ होता. आम्ही दोघी फलाटावरच्या बाकड्यावर बसलो. बाबांनी आम्हाला डब्यातून बाहेर काढलं होतं. एकटा म्हणजे एकटा.

मी विचारलं, "एवढं का करता तुम्ही? लोक नावं ठेवतात, मीही ठेवली."

त्यांनी डब्यातली उरलेली अर्धी पोळी काढली आणि खात खात सांगितलं. नोकरीला नव्या होत्या तेव्हा त्याही चौकटी कोऱ्याच घ्यायच्या. एका फॉर्मवर सहाच नावं मावतात. एक आठ जणांचं कुटुंब आलं, सहा एका तिकिटावर, दोघं म्हातारे दुसऱ्या तिकिटावर. जागा शेजारी शेजारी, सगळे खूश. चार्ट लागला, तर सहा जणांचं तिकीट वर गेलं आणि म्हाताऱ्यांचं राहिलं. एका तिकिटावरची माणसं एकत्र हलतात, पण दोन तिकिटांचं एकमेकांशी काही नातं नसतं. पोरं आनंदानं सामान उचलून एसीत गेली. औषधांची पिशवीही सामानात गेली. मधे बंद डबा होता, गाडीतून इकडून तिकडे जाता येईना. आजोबांची साखर उतरली आणि ते बाकावरून खाली पडले.

"वाचले ते," त्या घाईनं म्हणाल्या. "शेजारच्यानं गोळ्या-बिस्किटं दिली. पण त्यांच्या मुलानं मला येऊन विचारलं, बाई, तुम्ही आम्हाला एकदा विचारलं का नाही? रागावला नव्हता हो. नुसतं विचारलं. तेव्हापासून मी विचारते."

इतकी साधी गोष्ट. मी वीस वर्षं समोर बसून त्यांना बघत होते आणि ती मला ठाऊक नव्हती. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "ताई, माझं चुकलं. तुमचे उपकार मी विसरणार नाही." त्या संकोचल्या. "उपकार कसले? कोपर शिवता ना तुम्ही." गाडीनं शिट्टी दिली. काळ्या काचेतून बाबा आम्हाला दिसत नव्हते, पण त्यांनी हात हलवला असेल म्हणून आम्ही दोघींनी हलवला.

पहाटे दादाचा फोन आला. "उतरवले. दारातच उभे होते, पिशवी खांद्याला. म्हणे, चार कप्पे मोजून आलो, उशीर का केलास?"

ऑपरेशन उजव्या डोळ्याचं आधी झालं. पट्टी सुटली तेव्हा बाबांनी सगळ्यात आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून ते तीन मिनिटं मागे असल्याचं डॉक्टरांना सांगितलं. दादा त्यांना घेऊन घरी आला. आठवडाभर बाबांनी घरातली प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघितली. माझा चेहराही बघितला आणि म्हणाले, "केस पांढरे झालेत की गं तुझे." मी रागावले नाही, हे माझ्या बाबतीत नवल.

डाव्या डोळ्यासाठी दोन महिन्यांनी पुन्हा जायचं होतं. बाबा म्हणाले, तिकीट मीच काढणार. मी दुकान उघडंच टाकून त्यांच्याबरोबर गेले. मधल्या काळात मी चौकटबाईंच्या काउंटरसाठी एक जाड मऊ गादी शिवून दिली होती, कोपराखाली ठेवायला. त्यांनी ती ठेवलीही होती. एक नंबरची रांग अगदी छोटी होती. आम्ही दोनसमोर उभे राहिलो. पाऊण तास.

दोऱ्याला बांधलेलं पेन घेऊन बाबांनी फॉर्म भरला. मी मदतीला पुढे झाले, तर त्यांनी मला हातानंच मागे सारलं. नाव, वय, गाडीचा नंबर, घड्याळजीचं ते मुंगीएवढं कोरीव अक्षर, पाच वर्षांनी कागदावर उमटत होतं. फोन नंबरच्या रकान्यात त्यांनी माझा नंबर लिहिला आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला, नवा डोळा. मग बारीक अक्षरातला तो प्रश्न त्यांनी नाक कागदाला न टेकवता, सरळ उभं राहून, पूर्ण वाचला. खालची कोऱ्या चौकटीबद्दलची ओळसुद्धा. आणि चौकटीत लिहिलं.

चौकटबाईंनी फॉर्म घेतला. सवयीनं त्यांचं बोट आधी चौकटीवर गेलं आणि तिथंच थांबलं. "होय?" त्या म्हणाल्या. "नक्की, काका? डबा बदलेल. बर्थ कुठला मिळेल सांगता येत नाही."

"बदलू दे," बाबा म्हणाले. "कुठंही बसवा. आकडा वाचून जाईन मी."

चौकटबाईंनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा लावला. मागची रांग खोकू लागली. बाबांनी वळून रांगेला सांगितलं, "थांबा जरा. चौकट भरल्याशिवाय इथं तिकीट मिळत नाही," आणि एक पाऊल बाजूला सरून मागच्या माणसाला दोऱ्याचं पेन दिलं.